‘नैसर्गिक रंग’ एवढ्या चिठ्ठीवर भागणार नाही

हातमागाच्या कुठल्याही प्रदर्शनात हल्ली साडीला एक छोटी तपकिरी चिठ्ठी लटकलेली असते. तिच्यावर एखादं पान छापलेलं असतं आणि खाली लिहिलेलं असतं ‘100 टक्के नैसर्गिक रंग’. ती चिठ्ठी वाचून आपण दीडपट पैसे मोजतो. रंग कोणत्या झाडाचा आहे, तो धाग्यावर कशाने बसवला, धुतल्यावर आणि उन्हात किती टिकेल, रंगवल्यानंतरचं पाणी कुठे सोडलं, यातलं काहीही तिच्यावर नसतं. शेजारच्या दुकानातल्या साडीवर तर रंगाबद्दल एक अक्षरही नसतं, कारण ती ‘केमिकल’ आहे हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं.

माझं म्हणणं असं आहे की ही वाटणी चुकीच्या जागी केलेली आहे. झाडाचा रंग विरुद्ध कारखान्याचा रंग ही रेघ एकोणिसाव्या शतकातच पुसली गेली होती, आणि कशी पुसली गेली हे नीट पाहिलं तर आज गिऱ्हाइकाने काय विचारायला हवं आणि सरकारने चिठ्ठीवर काय छापायला लावायला हवं, हे दोन्ही स्पष्ट होतं. त्यासाठी सगळ्या रंगांचा इतिहास धुंडाळायची गरज नाही. एकटा लाल रंग पुरेसा आहे.

आपल्याकडे सुती कापडावर पक्का लाल यायचा तो मुख्यतः मुळांतून. दक्षिणेत चिरवेर, डोंगराळ भागातून मंजिष्ठा, आणि वऱ्हाड, माळवा, बुंदेलखंड या पट्ट्यात आल. जुन्या पिढीतल्या ब्राह्मण विधवांच्या अंगावरचं आलवण हे या आलाच्या रंगातलं, आणि गाद्यागिरद्यांचा जाड तांबडा खारवाही त्यातलाच. आलाचं पीक सोपं नव्हतं. लावल्यापासून साधारण तीन वर्षं रोप जमिनीत ठेवायचं, मग खोल खणून मुळं काढायची. मुळं निघाली की त्यांची प्रतवारी व्हायची. रंग मुळाच्या सालीत असतो, त्यामुळे बारीक मुळी सगळ्यांत मोलाची आणि अंगठ्याएवढं जाड मूळ जवळपास निरुपयोगी. एवढं खणून हाती आलेल्या मालातला मोठा भाग कमी प्रतीचा निघायचा.

मूळ रंगाऱ्याच्या घरी आलं तरी खरं काम अजून सुरूच झालेलं नसायचं. सुती धागा हा रंगाच्या बाबतीत मोठा हट्टी. रेशीम आणि लोकर बरेच रंग सहज धरतात, सूत धरत नाही. म्हणून कापड आधी एरंडेल आणि पापडखार यांच्या दुधाळ मिश्रणात भिजवायचं, पिळायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा भिजवायचं. असं अनेक दिवस चालायचं, तेव्हा कुठे तेल धाग्यात मुरायचं. मग हिरड्याचं पाणी, मग तुरटी. तुरटीतलं ॲल्युमिनियम धाग्याला चिकटतं आणि पुढे रंगाचा कण त्याला जखडला जातो. शाळेच्या पुस्तकात याला रंगबंधक म्हणतात. रंगाऱ्याच्या दृष्टीने कापड इथे तयार झालं. आता मुळांची पूड घातलेल्या पाण्यात ते टाकायचं आणि आच हळूहळू वाढवायची. आच एकदम वाढली की मुळातले तपकिरी अंश आधी उतरतात आणि लालाचा विटकरी होतो. पाण्यात थोडा चुना हवा, नाहीतर लाल फिका आणि कच्चा राहतो. पाण्यात लोह असलं तर लाल काळपट जांभळ्याकडे झुकतो. विहीर बदलली की रंग बदलला, असं रंगारी म्हणायचे ते त्यामुळे. यात गूढ काही नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची पारख करून आलेली ती माहिती होती.

हे सगळं जमून आलं तर रंग असा बसायचा की कापड विरून जाई पण लाल राही. न जमलं तर तीन वर्षांचं पीक आणि पंधरा दिवसांची मेहनत एका घाण्यात वाया.

मात्र झाडाचा प्रत्येक लाल असा पक्का नव्हता, आणि हे आजच्या चर्चेत हमखास विसरलं जातं. करडईच्या पाकळ्यांतून निघणारा कुसुंबी रंग घ्या. पाकळ्या धुऊन आधी पिवळा काढून टाकायचा, मग खाराच्या पाण्यात लाल उतरवायचा आणि आंबट घालून तो कापडावर बसवायचा. येणारा गुलाबी-लाल इतका तेजस्वी की मंजिष्ठा त्याच्यापुढे मंद वाटावी. पण तो साबणाला टिकत नाही आणि उन्हाला तर अजिबात नाही. सणासाठी, लग्नासाठी पागोटं कुसुंबी रंगवायचं आणि उतरलं की पुन्हा रंगाऱ्याकडे टाकायचं, ही रीत होती. कुसुंबा शंभर टक्के नैसर्गिक होता आणि शंभर टक्के कच्चा होता.

आता लंडनला जाऊ. 1856 मध्ये ईस्टरच्या सुट्टीत विल्यम हेन्री पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवण्याच्या खटपटीत होता. त्याचे गुरू होफमान यांना दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या पदार्थांत रस होता. गॅसबत्त्यांसाठी कोळसा भाजणाऱ्या कारखान्यांत हे डांबर ढिगांनी साचत होतं आणि त्याचं काय करायचं हा प्रश्नच होता. पर्किनने त्यातल्या ॲनिलीनवर पोटॅशियम डायक्रोमेटची क्रिया केली आणि हाती काळा गाळ आला. तो अल्कोहोलमध्ये जांभळा विरघळतो आणि रेशमावर बसतो हे त्याच्या लक्षात आलं. त्याच वर्षी त्याने पेटंट घेतलं, पुढच्या वर्षी हॅरोजवळ ग्रीनफर्ड इथे कारखाना काढला. जानेवारी 1858 मध्ये राणी व्हिक्टोरिया मुलीच्या लग्नात याच छटेचा पोशाख घालून आली आणि लंडन-पॅरिसला जांभळ्याचं वेड लागलं.

फॅशनच्या इतिहासात हा प्रसंग नेहमी मोठ्या थाटात सांगितला जातो. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पर्किनचा हा जांभळा, म्हणजे मॉव्ह, सुतावर बसत नव्हता. त्याला सुतासाठी टॅनिन आणि धातूचा क्षार अशी जोडी शोधून काढावी लागली, म्हणजे आपल्या रंगाऱ्याची हिरडा आणि तुरटी हीच वाट त्याने दुसऱ्या दाराने धरली. रंग प्रयोगशाळेत जन्मला तरी रंगवण्याचं ज्ञान रंगाऱ्यांकडूनच घ्यावं लागलं. पर्किनने स्वतः रंगाऱ्यांच्या कारखान्यांत जाऊन ते शिकून घेतलं.

मॉव्हच्या मागोमाग 1859 मध्ये फ्रान्सच्या लियाँ शहरातून मॅजेंटा आला. आज आपण साडीच्या दुकानात ‘राणी कलर’ म्हणून मागतो त्याचा हा पूर्वज. मग ॲनिलीनचे जांभळे, निळे, हिरवे अशी रांगच लागली. इथून फॅशनमध्ये एक मूलभूत बदल झाला. तोवर रंगाची किंमत ठरत होती ती तो मिळवायला लागणाऱ्या कष्टांवर, त्यामुळे काही छटा पैसेवाल्यांच्याच अंगावर दिसायच्या. आता तीच तडफदार छटा दोन वर्षांत मोलकरणीच्या रिबिनीवर यायला लागली. मग पैसेवाल्यांना नवी छटा हवी झाली, आणि कारखान्यांकडे ती तयारच होती. रंग हंगामाप्रमाणे बदलू लागला. मॉव्हची चलती जेमतेम चारपाच वर्षं टिकली, हे त्याचंच फळ.

पण हे पहिल्या पिढीतले बरेचसे रंग कच्चे होते. मॉव्ह त्यातल्या त्यात बरा, मॅजेंटा उन्हात लवकर उतरायचा. बाजारात पुडीने मिळणारे हे रंग आपल्याकडे आले तेव्हा ज्यांची जागा त्यांनी आधी घेतली त्यांत कुसुंबा होता, आणि ते साहजिकच होतं. एक कच्चा तेजस्वी रंग जाऊन त्याच्या जागी दुसरा कच्चा, तेजस्वी आणि स्वस्त रंग आला. आलाला आणि मंजिष्ठेला ॲनिलीनने खरं म्हणजे हात लावला नाही. पक्क्या लालाची गादी अजून मुळांकडेच होती. ‘विलायती रंग म्हणजे कच्चा रंग’ ही जी समजूत आपल्याकडे पडली ती या पंधरा-वीस वर्षांतली आहे, आणि त्या काळापुरती ती बऱ्याच अंशी खरीही होती.

गादी हलली ती 1868-69 मध्ये. मंजिष्ठेची युरोपातली बहीण म्हणजे मॅडर. तिच्या मुळांतून अलिझरीन नावाचा लाल पदार्थ फ्रेंच रसायनज्ञांनी 1826 मध्येच वेगळा काढला होता. 1868 मध्ये बर्लिनमध्ये बायर यांच्या प्रयोगशाळेत कार्ल ग्रेबे आणि कार्ल लीबरमान यांनी या पदार्थाचा सांगाडा डांबरातल्या अँथ्रासीनचा आहे हे दाखवलं आणि अँथ्रासीनपासून उलट चालत जाऊन अलिझरीन बनवलं. त्यांच्या रीतीत ब्रोमीन लागायचं, ते महाग. बीएएसएफ कंपनीच्या हाइन्रिख कारो यांनी त्या जागी सल्फ्युरिक आम्ल वापरायची युक्ती शोधली. इंग्लंडमध्ये पर्किनही स्वतंत्रपणे तिथेच पोहोचला होता. जर्मनांचा पेटंट अर्ज 25 जून 1869 चा, पर्किनचा 26 जूनचा. शेवटी त्यांनी बाजारपेठा वाटून घेतल्या. पर्किनच्या कारखान्यातून 1869 मध्ये एक टन माल निघाला, 1870 मध्ये 40 टन आणि 1871 मध्ये 220 टन.

मॉव्ह हा निसर्गात कुठेच नसलेला रंग होता. अलिझरीन तसा नाही. मॅडरच्या मुळात जो रेणू आहे, तोच रेणू कारखान्यात बनला. त्यात ‘नकली’ काही नव्हतं. कापडावर बसल्यावर तो तेवढाच पक्का, तेवढाच लाल, त्यालाही तुरटी लागते, त्यालाही पाण्यात चुना लागतो आणि लोहाने त्याचाही रंग बिघडतो. फरक एवढाच की मुळात अलिझरीनबरोबर पर्प्युरीनसारखे इतर भाऊबंद असतात. म्हणूनच जुन्या कापडाचा धागा तपासताना त्यात निव्वळ अलिझरीन सापडलं आणि पर्प्युरीनचा मागमूस नसला, तर ते कापड 1869 नंतरचं असावं असा संशय जाणकार घेतात. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही.

मुळाच्या बाजूचा हिशेब साधा आहे. मॅडरच्या वाळलेल्या मुळात अलिझरीन असतं ढोबळ मानाने शेकडा एक-दोन. कारखान्याचं अलिझरीन पुढे पिंपांतून लगद्याच्या रूपात विकलं जाऊ लागलं, त्यात ते शेकडा 20 असायचं. म्हणजे 100 किलोच्या पिंपात 20 किलो शुद्ध रंग. तेवढ्यासाठी हजार ते दोन हजार किलो वाळकं मूळ लागलं असतं, तेही तीन वर्षं थांबून. पण माझ्या मते निकाल लागला तो या वजनामुळे नाही, शेकडा 20 या आकड्यामुळे. मुळाची पूड विकत घेणाऱ्या रंगाऱ्याला प्रत्येक गोणीत काय आहे हे ठाऊक नसायचं. जमीन वेगळी, पाऊस वेगळा, वय वेगळं, आणि वर व्यापारी त्यात विटेची भुकटी, गेरू, वाळू मिसळायचा तो वेगळाच. दर गोणीचा थोडा नमुना काढून आधी चिंधी रंगवून बघावी लागायची. पिंपाच्या बाबतीत पिंपावरचा आकडा खरा निघायचा. ज्याला दहा हजार वार कापड एकाच छटेचं पोहोचवायचं आहे त्याच्यासाठी ही खात्री स्वस्ताईपेक्षाही मोठी होती.

फ्रान्समध्ये याचा फटका कसा बसला ते झां-आंरी फाब्र यांच्या आयुष्यात दिसतं. किड्यांवरच्या लेखनासाठी जगभर माहीत असलेले हे गृहस्थ तेव्हा आव्हिन्यों इथे तुटपुंज्या पगारावर शिक्षक होते. तो परिसर मॅडरच्या शेतीचा. मुळातून शुद्ध रंग काढायची रीत बसवली तर शिक्षकी सोडून संशोधनाला वाहून घेता येईल, या आशेने त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली, पेटंटही मिळवली. रीत हाती आली तेवढ्यात जर्मनीचं अलिझरीन बाजारात उतरलं आणि त्यांचा सगळा डाव कोसळला. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी दहाएक वर्षांत मॅडर उपटून दुसरी पिकं लावली. फ्रेंच सैन्याची विजार 1829 पासून मॅडरच्या लाल रंगात होती आणि ती 1914 पर्यंत लालच राहिली, पण तो सरकारी आधारही शेत वाचवायला पुरला नाही, कारण पुढे त्या विजारीसाठीही कारखान्याचंच अलिझरीन वापरलं गेलं.

आपल्याकडच्या आलाला फटका दोन टप्प्यांत बसला, आणि दुसरा टप्पा अधिक खोल होता. पहिल्यात रंगाऱ्याने आलाची पूड सोडून अलिझरीनचा लगदा घेतला. शेतकऱ्याचं पीक गेलं, पण रंगारी रंगारीच राहिला. उलट त्याचं काम सोपं झालं. 1870 च्या दशकात एरंडेलावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून पाण्यात मिसळणारं एक तेल निघालं, त्याला पुढे टर्की रेड ऑइल नाव पडलं. आमच्या रंगाऱ्याचं एरंडेल आणि पापडखाराचं जे काम अनेक दिवस चालायचं, ते या तेलाने दिवसा-दोन दिवसांवर आणलं.

दुसऱ्या टप्प्यात रंगवण्याचं कामच गाव सोडून गेलं. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ लेव्हन नदीच्या खोऱ्यात लाल रंगाचे प्रचंड कारखाने होते. पाणी स्वच्छ, मुबलक, आणि माल मुख्यतः परदेशासाठी. तिथून लाल रंगवलेलं सूत आणि लाल छापील कापड मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानात यायचं. छपाईवर मोर, हत्ती, कोयऱ्या, आपल्या डोळ्यांना ओळखीचं सगळं. 1898 मध्ये यातल्या मोठ्या कंपन्या एकत्र होऊन युनायटेड टर्की रेड कंपनी झाली. आपल्या विणकराला मुंबईच्या बाजारातून आलेली लाल सुताची तयार लडी मिळू लागली, तेव्हा त्याला गावच्या रंगाऱ्याकडे जायचं कारण उरलं नाही. रंगारी, भावसार, निळारी या घरांपैकी कित्येकांनी धंदे बदलले. राहिले त्यांच्या हाती पुडीचे रंग आले, आणि ज्या हातांना विहिरीच्या पाण्यावरून लाल कसा येईल हे कळत होतं त्यांच्या वाट्याला पुडीवरच्या सूचना आल्या.

म्हणून मला दुःख होतं ते झाडाचा रंग गेल्याचं नाही. कारखान्याचा लालही तेवढाच पक्का होता. गेली ती रंगाऱ्याची जागा. पाणी, धागा, तेल, तुरटी, आच यांचा मेळ घालणारं कौशल्य त्याच्या अंगणातून उठून लेव्हनच्या खोऱ्यात आणि मग जर्मन प्रयोगशाळांत गेलं, आणि त्याबरोबर नफाही गेला. ‘नैसर्गिक’ची चिठ्ठी नेमकी हीच गोष्ट झाकते. ती झाडाला श्रेय देते, रंगवणाऱ्या माणसाचं नावही घेत नाही.

यावर कोणी म्हणेल की शेतकऱ्याचं काय? झाडाचे रंग होते तेव्हा शेती होती, गावात पैसा होता. या म्हणण्याला निळीचा इतिहास हे उत्तर आहे. निळ हा सोळा आणे नैसर्गिक रंग, आणि त्याच्यासाठी बंगालच्या रयतेला 1859-60 मध्ये बंड करावं लागलं. बायर यांनी 1880 मध्ये कृत्रिम निळ बनवली, बीएएसएफने 1897 मध्ये ती बाजारात आणली आणि हिंदुस्थानची निर्यात कोसळली. चंपारणमध्ये मळेवाल्यांची रीत अशी की कुळाने दर वीस कठ्ठ्यांतल्या तीन कठ्ठ्यांत निळ लावलीच पाहिजे. भाव पडल्यावर ही सक्ती आपोआप सुटायला हवी होती. मळेवाल्यांनी ती विकली. निळीतून मोकळं व्हायचं असेल तर सारावाढ कबूल करा किंवा तावान नावाची एकरकमी रक्कम भरा, असं कुळांना सांगण्यात आलं. म्हणजे रंगाची किंमत असताना शेतकरी भरडला गेला आणि किंमत गेल्यावर तोट्याचं बिलही त्याच्याच नावावर फाटलं. 1917 मध्ये गांधीजी तिथे गेले, चौकशी झाली, तावानाचा चौथा हिस्सा परत मिळाला आणि 1918 च्या कायद्याने तीन कठ्ठ्यांची सक्ती संपली. रंग झाडाचा आहे एवढ्यावरून त्यामागचा व्यवहार न्यायाचा ठरत नाही, याहून ठळक दाखला मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा, आणि तो मी हलक्यात घेत नाही. कारखान्यांच्या रंगांनी नद्या बिघडवल्या हे अगदी पहिल्या दशकापासून खरं आहे. मॅजेंटा बनवायला आर्सेनिक आम्ल वापरत आणि 1860 च्या दशकात स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात अशा कारखान्याशेजारच्या विहिरींचं पाणी पिऊन लोक आजारी पडले. पुढे आलेल्या ॲझो वर्गातल्या काही रंगांतून कर्करोगाला कारण होणारे पदार्थ सुटतात, म्हणून भारत सरकारने 1997 मध्ये 70 ॲझो रंगांवर बंदी घातली. हे सगळं मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा, की झाडाचा रंग कापडावर कशाने बसवला? तुरटी असेल तर ठीक. पण छटा गडद करायला मोरचूद किंवा बायक्रोमेट वापरलं असेल, तर मंजिष्ठेच्या साडीमागेही तांबं किंवा क्रोमियम ओढ्यात गेलेलं असतं आणि चिठ्ठीवरचं पान हिरवंच राहतं. शिवाय गडद लालासाठी एक किलो सुताला अर्धा ते एक किलो मूळ लागतं, जिथे कारखान्याचा रंग 20 ते 40 ग्रॅममध्ये काम करतो. मुळाच्या रंगाला धुण्या-उकळण्याचं पाणी आणि जळण जास्त लागतं. थोड्या मालासाठी हे परवडतं, आणि थोड्या मालासाठी ते सुंदरही आहे. देशाचं सगळं कापड असं रंगवा म्हणणाऱ्याने मुळं कुठल्या जमिनीत लावणार हे आधी सांगावं.

उगमावरून बंदी घालायचा प्रयोगही होऊन गेला आहे. ॲनिलीनच्या कच्च्या रंगांनी गालिच्यांचं नाव खराब होऊ लागलं तेव्हा इराणच्या शाहाने 1882 मध्ये त्यांच्या आयातीवर बंदी घातली. हेतू रास्त होता, पण रंग येतच राहिले, पुढे बंदीचे हुकूम पुन्हा काढावे लागले. हुकमाने परदेशी रंग हा शत्रू ठरवला, गिऱ्हाइकाची तक्रार मात्र रंग उडतो ही होती. तक्रारीला हात घालायचा तर मोजायला हवा होता पक्केपणा.

पक्केपणा मोजता येतो. उन्हाला किती टिकतो याची 1 ते 8 अशी पट्टी आहे, धुण्याला आणि घासण्याला 1 ते 5 अशी. एरंडेल-तुरटीवर नीट बसवलेला मुळाचा लाल या पट्ट्यांवर मान ताठ ठेवतो. हळदीचा पिवळा उन्हाच्या पट्टीवर तळाशी असतो, कुसुंबाही तिथेच. पक्क्या आणि कच्च्या दोन्हींना आज एकच ‘नैसर्गिक’ची चिठ्ठी मिळते, त्यामुळे पंधरा दिवस राबून पक्का रंग बसवणारा आणि हळदीच्या पाण्यात साडी बुडवून काढणारा एकाच पंगतीत बसतात आणि दर मात्र दुसऱ्याच्या सोयीने ठरतो. घरी आणलेल्या साडीचा एक कोपरा ओल्या पांढऱ्या सुती फडक्यावर जोराने घासून पाहा, एक चिंधी अर्धी झाकून आठवडाभर खिडकीत उन्हात ठेवा. एवढ्याने पट्टीवरचा आकडा कळत नाही, पण कच्चं-पक्कं कळतं, आणि विक्रेत्याला प्रश्न विचारायचं बळ येतं.

म्हणून मागणी अशी. जो कोणी रंगाचा दावा चिठ्ठीवर करील, मग तो झाडाचा असो वा कारखान्याचा, त्याने तिच्यावर रंगद्रव्याचं नाव, रंगबंधकाचं नाव, उन्हाचा आणि धुण्याचा आकडा, आणि रंगवलं त्या गावाचं व रंगाऱ्याचं नाव द्यावं. हातमाग चिन्हाची योजना वस्त्र समिती चालवतेच. ते चिन्ह कापड हातमागावर विणल्याची ग्वाही देतं, रंगाबद्दल गप्प असतं. त्याच व्यवस्थेत हे बसवता येईल.

छोट्या रंगाऱ्याला चाचणीचा खर्च झेपणार नाही, ही अडचण खरी आहे. पण प्रत्येक साडी तपासायची गरज नाही. रंगाऱ्याची रीत एकदा तपासायची, म्हणजे तेच मूळ, तीच तुरटी, तेच पाणी, आणि रीत बदलली किंवा विहीर बदलली की पुन्हा. एका गावातल्या दहा-बारा रंगाऱ्यांनी मिळून नमुने पाठवले आणि चाचणीचं शुल्क सरकारने उचललं, तर होणारा खर्च प्रदर्शनांच्या मंडपांवर होणाऱ्या खर्चापुढे किरकोळ ठरेल. वाईट आकडा आला तर त्या रंगाऱ्याला चूक कुठे झाली हे सांगणारा माणूसही त्याच पैशात मिळाला पाहिजे, कारण तेल कमी मुरलं, आच चढली, की पाण्यात लोह होतं, हे आकडा एकटा सांगत नाही.